सोलकढीची बाटली आणि ‘किल’चा शिक्का: फूड कंपनीत स्टेज-गेट नक्की कसं चालतं

नवीन प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये स्टेज-गेट हा शब्द सगळेच वापरतात, पण बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच उरतो की दर महिन्याला एक मीटिंग, पंचवीस स्लाइड्स, शेवटी टेस्टिंगसाठी छोटे कप फिरतात, सगळे म्हणतात छान झालंय आणि प्रोजेक्ट पुढे. अशा मीटिंगमध्ये कधीच काही थांबत नाही. मी मुंबईत फूड प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्ये काम करते आणि मला मनापासून वाटतं की ही पद्धत नीट समजून घेतली तर लहान कंपनीचे लाखो रुपये आणि माणसांचे महिने वाचतात, म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊया.

आधी मूळ कल्पना. कॅनडातले प्रोफेसर रॉबर्ट कूपर यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत मांडली आणि नंतर ती जगभर पसरली. प्रॉडक्टचं काम टप्प्यांमध्ये तोडायचं, ते टप्पे म्हणजे स्टेज, आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी एक गेट ठेवायचं, जिथे ठरतं की पुढच्या टप्प्याचे पैसे आणि माणसं द्यायची की नाही. म्हणजे गेट ही प्रोग्रेस सांगायची मीटिंग नाहीये, तिथे पैसे सुटतात किंवा अडतात. आणि गेटमधून बाहेर पडायला चारच उत्तरं असतात: गो, म्हणजे पुढे जा, हे घ्या पैसे. किल, म्हणजे बंद. होल्ड, म्हणजे प्रॉडक्ट ठीक आहे पण आत्ता नाही. आणि रिसायकल, म्हणजे हेच काम परत करून या. ‘बघू’, ‘चर्चा चांगली झाली’, ‘ढोबळमानाने ओके’ ही उत्तरं चालत नाहीत.

सुरुवातीचे टप्पे स्वस्त असतात आणि पुढचे भराभर महाग होत जातात, सगळी गंमत इथेच आहे. आयडियावर दोन माणसांनी आठवडाभर विचार केला तर खर्च जवळपास शून्य, लॅबमध्ये सॅम्पल बनवायला काही लाख, प्लांटवर ट्रायल, बाटलीचा साचा, लेबल, प्लॅटफॉर्मवर लिस्टिंग इथपर्यंत आलात की आकडा एकदम उडी मारतो. त्यामुळे जे प्रॉडक्ट मरणारच आहे ते स्वस्तातल्या टप्प्यात मेलेलं बरं, आणि त्यासाठी ज्या प्रश्नामुळे ते मरू शकतं तो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला लागतो. आपल्याकडे होतं उलटं. सोपे आणि आनंदाचे प्रश्न आधी, चव कशी आहे, नाव काय ठेवायचं, बाटली कुठल्या रंगाची, आणि शेल्फ लाइफ सगळ्यात शेवटी.

आता उदाहरण. कंपनी काल्पनिक आहे आणि रुपयांचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेत, पण सोलकढीच्या पोटात जे होतं ते खरं आहे. समजा परळला ऑफिस, तळोजा एमआयडीसीत प्लांट, आणि प्रॉडक्ट म्हणजे 200 मिलीची रेडी-टू-ड्रिंक सोलकढी, फ्रिजमधली, एमआरपी 60 रुपये, मुख्यतः क्विक कॉमर्सवर विकायची. कल्पना कोणालाही आवडेल अशीच आहे. मालवणी खानावळीत जेवून झालं की दुसरा ग्लास मागणारे लोक मुंबईत कमी नाहीत, आणि घरी नारळ खोवून, वाटून, पिळून दूध काढायला वर्किंग डेला कोणाकडे वेळ नसतो.

पहिल्या गेटला फार खोदायचं नसतं. हे आपल्या प्लांटवर बनू शकतं का, कायद्याने अडचण आहे का, कोणाला हवंय का, एवढंच. इथे गो मिळाला. पण त्याच मीटिंगमध्ये एक काम झालं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: पुढच्या गेट्सना काय दिसलं तर प्रोजेक्ट बंद, हे आकड्यात लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. एकही टेस्ट झालेली नसताना. कारण एकदा डेटा आला की माणूस डेटाला बघून रेष ओढतो. 9 पैकी 7 हवी असताना चव 6.8 आली तर म्हणतो 6.5 पण चांगलीच की, शेल्फ लाइफ 14 दिवस आली तर म्हणतो 14 दिवसही चालतात काही लोकांचे. यात कोणी खोटारडं नसतं, महिनोन्‌महिने ज्याच्यावर काम केलं त्याच्या बाबतीत सगळ्यांचं असंच होतं. म्हणून रेष आधी.

निकष दोन प्रकारचे असतात. एक ‘पाहिजेच’ वाले, ज्यात हो किंवा नाही एवढंच उत्तर, आणि एकाला जरी ‘नाही’ आलं तरी गो मिळत नाही. दुसरे ‘असलं तर बरं’ वाले, ज्यांना मार्क देतात आणि बेरीज करतात. फूडमध्ये ही दोन खाती वेगळी ठेवणं फार गरजेचं आहे, कारण एकत्र केली की चवीचे जास्तीचे मार्क सेफ्टीच्या कमी मार्कांवर पांघरूण घालतात. सेफ्टीची भरपाई चवीने करता येत नाही.

सोलकढीच्या कागदावर ‘पाहिजेच’ मध्ये चार ओळी होत्या. पीएच प्रत्येक बॅचमध्ये 4.3 किंवा त्याखाली. फ्रिजच्या तापमानाला 21 दिवसांचं शेल्फ लाइफ. चवीला 9 पैकी सरासरी 7 किंवा जास्त, तेही मुंबईतल्या नेहमी सोलकढी पिणाऱ्या 100 लोकांकडून, ऑफिसमधल्या लोकांकडून नाही. आणि पाठवलेल्या प्रत्येक बाटलीमागे परतावा वगैरे धरून किमान 3 रुपये सुटले पाहिजेत. बस, चारच. काही कंपन्यांच्या फॉर्मवर चाळीस निकष असतात, ते भरतात सगळे आणि वाचत कोणी नाही.

हे आकडे कुठून आले ते बघू, कारण ‘बॉस म्हणाले म्हणून 21’ असं असेल तर तो निकष पहिल्या दबावाला वाकतो.

पीएचचं असं आहे. नारळाचं दूध स्वतः आंबट नसतं, त्याचा पीएच 6 च्या आसपास, आणि त्यात पाणी, प्रोटीन, साखर सगळं आहे म्हणजे जंतूंना मेजवानीच. फूड सेफ्टीत 4.6 ही फार जुनी आणि पक्की रेष आहे, त्याखाली बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढून विष तयार करू शकत नाही. फ्रिजमधल्या मालाला अजून एक धोका असतो तो लिस्टेरिया या जंतूचा, हा थंडीतही वाढतो, पण पीएच 4.4 किंवा त्याखाली असेल तर त्याची वाढ होत नाही असं धरलं जातं. म्हणून दोन्ही रेषांच्या खाली, थोडी जागा सोडून, 4.3. पीएच नीट खाली असेल तर हलकं पाश्चरायझेशन आणि कोल्ड चेन पुरते, नसेल तर खूप जास्त तापवायला लागतं, शेवटी रिटॉर्टपर्यंत, म्हणजे दाबाखाली 121 डिग्रीपर्यंत तापवणं, आणि त्यातून जे बाहेर येईल त्याला कोणी सोलकढी म्हणणार नाही. लसणीचा आणि मिरचीचा कच्चा वास गेला, कोकमाचा गुलाबी रंग तपकिरी झाला की उरलं काय?

आता खरी पंचाईत. नारळाच्या दुधातली प्रोटीन्स पीएच साधारण 4 च्या आसपास एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटतं. शिवाय 80 डिग्रीच्या आसपास तापवलं तरी ती गोळा व्हायला लागतात. म्हणजे सेफ्टी आपल्याला जिथे ढकलते, आंबट करा आणि तापवा, नेमकं तिथेच सोलकढी फाटते. घरी हा प्रश्न येत नाही कारण घरी आपण ती करतो आणि तासा-दोन तासात पिऊन टाकतो, आणि जरा पाणी वेगळं झालं तर चमच्याने ढवळतो. बाटलीला तीन आठवडे उभं राहायचंय.

तिसरा त्रास फ्रिजचा. खोबरेल तेल थंडीत घट्ट होतं हे मुंबईत जानेवारीतही कधीतरी दिसतं, साधारण 24 डिग्रीच्या खाली ते गोठायला लागतं. सोलकढीतली चरबी हळूहळू वर येते आणि 4 डिग्रीला बाटलीच्या गळ्यात पांढरं बूच बसल्यासारखी जमते. बाटली कितीही हलवा, ते बूच तुकड्यातुकड्याने सुटतं आणि ग्लासात पांढऱ्या गुठळ्या. खराब झालेली नसते, पण घेणाऱ्याला ती नासलेलीच वाटते आणि त्याला दोष देता येत नाही.

शेल्फ लाइफ संपलं हे कशावरून म्हणायचं, हेही म्हणूनच आधी लिहिलेलं होतं. बाटली 10 वेळा हळू उलटी-सुलटी केल्यावर थर पूर्ण मिसळला पाहिजे, ओतल्यावर चहाच्या गाळणीवर गुठळी राहता कामा नये, पीएच हलता कामा नये, जंतूंची संख्या आखून दिलेल्या मर्यादेत, आणि रंग पहिल्या दिवसाच्या नमुन्याशेजारी ठेवल्यावर तपकिरी दिसता कामा नये. गाळणीचा निकष मला खूप आवडतो, त्याला महागडं मशीन लागत नाही आणि त्यावर वाद घालता येत नाही, गुठळी दिसते किंवा दिसत नाही.

आणि 21 दिवस का? इथे जरा सावकाश जाऊया, कारण अख्खं प्रोजेक्ट या हिशोबावर उभं आहे.

बाटली भरल्यावर ती लगेच विकायला जात नाही. जंतूंच्या टेस्टचे सुरुवातीचे रिझल्ट यायला 3 दिवस माल प्लांटवरच थांबतो. मग गोडाऊन आणि तिथून डार्क स्टोअरपर्यंत, म्हणजे क्विक कॉमर्सच्या गल्लीतल्या छोट्या गोडाऊनपर्यंत, 2 दिवस. म्हणजे 5 दिवस गेले. दुसऱ्या टोकाला, एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ई-कॉमर्सवाल्यांना सांगितलं की ग्राहकाच्या हातात माल पडताना शेल्फ लाइफचा किमान 30 टक्के भाग किंवा 45 दिवस शिल्लक हवेत. आपल्यासारख्या कमी दिवसांच्या मालाला 45 दिवस शक्यच नाहीत, त्यामुळे 30 टक्के. 21 चे 30 टक्के म्हणजे 6.3, धरा 7 दिवस. 21 मधून 5 आणि 7 गेले, उरले 9 दिवस. या 9 दिवसांतच बाटली विकली जायला हवी, नाहीतर परत किंवा कचऱ्यात.

हेच 14 दिवसांचं करून बघा. सुरुवातीचे 5 तसेच राहतात, ते शेल्फ लाइफ कमी झालं म्हणून कमी होत नाहीत. 30 टक्के म्हणजे 4.2, धरा 5. उरले 4 दिवस. शेल्फ लाइफ एक तृतीयांशाने कमी झालं पण विकायचे दिवस निम्म्याहून कमी झाले.

पैशात काय होतं? 60 रुपये एमआरपीतून टॅक्स आणि प्लॅटफॉर्म-डीलरचं मार्जिन जाऊन कंपनीच्या हातात समजा 39 रुपये येतात. बाटली बनवून थंड गाडीतून पोचवायला 31 रुपये. सरळ वजाबाकी केली तर 8 रुपये सुटतात आणि प्रेझेंटेशनमध्ये नेहमी हाच 8 चा आकडा असतो. पण 100 बाटल्या पाठवल्या आणि 90 विकल्या तर आले 3,510, गेले 3,100, सुटले 410, म्हणजे बाटलीमागे 4 रुपये 10 पैसे. 80 विकल्या तर आले 3,120 आणि सुटले फक्त 20 रुपये, शंभर बाटल्यांवर! 75 विकल्या तर 175 चा तोटा. या कंपनीच्या आधीच्या फ्रिजमधल्या मालाचा अनुभव असा धरू की 9 दिवस मिळाले की शंभरातल्या 90 जातात, 4 दिवस मिळाले की 75. झालं, 21 हा आकडा इथून आला.

दुसऱ्या गेटला, म्हणजे रेसिपीवर मोठं लॅबकाम करायच्या आधी, सोलकढी एकदा अडली. सगळ्यात चविष्ट रेसिपीचा पीएच 4.8 होता. क्यूएच्या, म्हणजे क्वालिटी बघणाऱ्या मॅडमनी एका मिनिटात कागद परत केला, आणि ते बरोबरच होतं, सेफ्टीवर त्यांच्याकडे व्हेटो असायलाच हवा, त्यांना मतदानात हरवता येता कामा नये. उत्तर रिसायकल. टीमने आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, वाढवलं, पीएच 4.2 वर आणला, आंबटपणा सांभाळायला नारळाचं दूध जाड केलं, परवानगी असलेला स्टॅबिलायझर घातला आणि होमोजनायझरमधून काढून चरबीचे थेंब बारीक केले म्हणजे ते वर यायला वेळ लागेल. परत आले, सॅम्पल छान, गो मिळाला. याच टप्प्यावर किंमतही विचारून घेतली होती. 60 ला ‘नक्की घेईन’ म्हणणारे पुरेसे होते, 70 म्हटल्यावर ते जवळपास अर्ध्यावर आले, लोक खानावळीतल्या ग्लासाशी तुलना करतात.

मग तिसरं गेट. यानंतरचा टप्पा म्हणजे प्लांट ट्रायल, बाटलीचा साचा, लिस्टिंग, समजा 46 लाख. आतापर्यंतचा खर्च 9 लाख.

तारखेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. फूडमध्ये गेटची तारीख कॅलेंडर बघून ठरवता येत नाही, ती बाटली भरलेल्या दिवसावरून मोजावी लागते. 21 दिवसांचा दावा करायचा असेल तर थोडी सुरक्षित जागा हवी, कंपनीचा नियम समजा 1.3 पट, म्हणजे साधारण 27 दिवस माल टिकून दाखवला पाहिजे. तोही एका बॅचचा नाही, वेगवेगळ्या आठवड्यांत वेगवेगळ्या नारळांतून केलेल्या तीन बॅचचा. म्हणजे तिसरी बॅच भरल्यापासून 27 दिवस गेल्याशिवाय गेट होऊच शकत नाही. सेल्सकडून हमखास विचारलं जातं की गरम खोलीत ठेवून लवकर रिझल्ट काढता येत नाही का, बिस्किटांचं करतात तसं. बिस्किटांचं करतात, बरोबर आहे, तिथे तेल खवट होणं किंवा मऊ पडणं हेच उष्णतेने भरभर होतं. पण सोलकढी 30 डिग्रीला ठेवली तर चरबी वितळलेलीच राहते, बूच जमतच नाही, म्हणजे फ्रिजमध्ये जो दोष येणार तो गरम खोलीत दिसणारच नाही, आणि जंतू मात्र भलत्याच वेगाने वाढून भलतंच काहीतरी सांगतील. इथे फ्रिज आणि वाट बघणं याला पर्याय नाही.

रिझल्ट आले. चव 7.4, रेषेच्या चांगली वर. पीएच तिन्ही बॅचमध्ये ठीक. जंतू ठीक. पहिली बॅच 27 दिवस टिकली. दुसरी 22 व्या दिवसापर्यंत बरी होती. तिसरीत 18 व्या दिवसानंतर गाळणीवर गुठळ्या.

मीटिंगमध्ये बसणारी माणसं पाच: आर अँड डी, प्लांट, क्यूए, सेल्स आणि फायनान्सचे हेड, म्हणजे ज्यांच्या हातात पुढची माणसं आणि पैसे आहेत तेच. प्रोजेक्ट लीड माहिती देते, प्रश्नांना उत्तरं देते, मत देत नाही. आणि चर्चा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकजण आपला निर्णय कागदावर लिहून ठेवतो, नाहीतर सगळ्यात सीनियर माणूस पहिला बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. ही सवय प्रत्येक कंपनीने लावून घ्यावी असं मला फार वाटतं.

सेल्सचे साहेब म्हणाले, “तिघांची सरासरी काढा ना, 22 येते. आपली लाइन 21 ची आहे, पास झालो की.”

सरासरीचं गणित बरोबर, अर्थ चूक. छापायचे 21, पण टिकून दाखवायचे होते 27 दिवस, त्यात 22 बसत नाही. शिवाय ग्राहकाच्या हातात सरासरी जात नाही, एक बाटली जाते, आणि ती तिसऱ्या बॅचमधली असू शकते. छापायची तारीख सगळ्यात कमजोर बॅचवरून ठरते. 18 ला 1.3 ने भागलं की 13.8, फार तर 14 दिवस छापता येतील, आणि 14 दिवसांना काय होतं ते वर बघितलंच, शंभर बाटल्यांमागे 175 चा तोटा.

मग दुसरा रस्ता आला: 14 दिवसांवरच लाँच करू आणि किंमत 70 करू. त्याचं उत्तर दुसऱ्या गेटच्या फाइलमध्ये आधीच होतं. तिसरा रस्ता, एचपीपी करून घेऊ, म्हणजे न तापवता प्रचंड दाबाने जंतू मारायचे. चांगलं तंत्र आहे, कच्ची चव टिकते, पण बाहेरून करून घ्यायचं तर बाटलीमागे जो खर्च वाढतो तो त्या 4 रुपयांपेक्षा जास्त, आणि मुख्य म्हणजे इथे जंतूंचा प्रॉब्लेमच नव्हता, चरबीचा आणि प्रोटीनचा होता. दाबाने चरबी गोठायची थांबत नाही.

चौथा मुद्दा प्रोजेक्ट लीडने मांडला आणि तो खरा दमदार होता. “मॅडम, तिसऱ्या बॅचचे नारळ वेगळे होते. नारळ किती पिकलेला आहे त्यावर दुधातली चरबी आणि प्रोटीन बदलतं. एकच स्पेक असलेलं तयार नारळाचं दूध घेतलं तर तिन्ही बॅच 27 जातील असं मला वाटतं.”

इथे थांबून विचार करायला हवा, कारण रिसायकल की किल हा निर्णय नेहमी अशाच जागी अवघड होतो. कारण सापडल्यासारखं वाटतंय, उपाय शक्य वाटतोय. पण प्रश्न असा आहे की ‘वाटतंय’ वर पुढचे दोन-अडीच महिने कोणाचे जातील. तीन नव्या बॅच, त्यांचे 27 दिवस, आणि तेच दोन फूड टेक्नॉलॉजिस्ट ज्यांची फ्रोझन पुरणपोळीचं प्रोजेक्ट वाट बघतंय, जिथे ‘पाहिजेच’ वाले सगळे निकष पास झालेत. गेटवर एका प्रोजेक्टला हो म्हणताना दुसऱ्या कोणालातरी नाही म्हटलं जातंच, फक्त ते मोठ्याने म्हटलं जात नाही. शिवाय तयार स्पेकचं दूध महाग, ते 31 रुपयांत बसतं का हे अजून कोणी पाहिलेलं नव्हतं. आणि कंपनीचा नियम साधा होता: एका प्रोजेक्टला एकदाच रिसायकल. सोलकढीचं ते दुसऱ्या गेटला वापरून झालं होतं. हा नियम कठोर वाटतो पण त्यामागे कारण आहे, रिसायकलला मर्यादा नसेल तर कोणीच किल म्हणत नाही, सगळे रिसायकल म्हणतात, आणि प्रोजेक्ट मरतही नाही आणि जगतही नाही, वर्षभर दोन माणसं अडवून बसतं.

कोणीतरी 9 लाखांचं नाव काढलंच. ते 9 लाख गो म्हटलं तरी गेलेत आणि किल म्हटलं तरी गेलेत, टेबलवर प्रश्न पुढच्या 46 लाखांचा आहे. फायनान्सच्या हेडनी हे एकदाच सांगितलं आणि विषय संपवला.

होल्ड का नाही, असंही कोणी विचारेल. होल्ड तेव्हा देतात जेव्हा अडचण बाहेरची आणि तारीख असलेली असते, म्हणजे प्लांटची नवीन लाइन मार्चमध्ये सुरू होणार आहे, लायसन्स यायचंय. इथे बाहेरचं काही येणार नव्हतं. वाईट बातमी द्यायला जड जातं म्हणून होल्ड दिला की लोक त्या प्रोजेक्टवर चोरून काम करत राहतात.

पाचही कागद उघडले, चारांवर किल होतं. निर्णय किल.

त्यानंतरचं काम बहुतेक कंपन्या करतच नाहीत आणि त्यामुळे तीन वर्षांनी नवीन मॅनेजर येऊन तीच सोलकढी पहिल्यापासून सुरू करतो. एका पानाचा किल मेमो लिहायचा, त्याच आठवड्यात, आठवणी ताज्या असताना. सोलकढीच्या मेमोत लिहिलं होतं: कुठला निकष चुकला, 21 दिवस हवे होते, कमजोर बॅचवरून 14 निघाले. कशामुळे, नारळागणिक बदलणारी चरबी आणि प्रोटीन, 4 डिग्रीला जमणारा थर. काय वाचवून ठेवायचं, 4.2 पीएचची रेसिपी, आगळचा चांगला सप्लायर, होमोजनायझरचं सेटिंग, 100 लोकांची चवीची शीट. आणि शेवटची ओळ, कधी परत उघडायचं: ठरलेल्या चरबी-प्रोटीनचं नारळाचं दूध अशा किमतीत मिळालं की पूर्ण खर्च 31 च्या आत बसेल, तर नवीन प्रोजेक्ट म्हणून, दुसऱ्या गेटपासून. परचेसच्या माणसाचं नाव त्या ओळीपुढे लिहिलेलं, दर सहा महिन्यांनी भाव विचारायची जबाबदारी त्याची.

टीमला हे मेलवर कळता कामा नये. मीटिंग संपल्यावर अर्ध्या तासात आर अँड डी हेडनी स्वतः जाऊन लॅबमध्ये सांगितलं, कुठल्या आकड्यावर अडलं ते दाखवलं, आणि उद्यापासून कोण पुरणपोळीवर आणि कोण कशावर हेही सांगितलं. किल झालेल्या प्रोजेक्टच्या लीडचं अप्रेझल त्यामुळे खाली जाणार असेल तर पुढच्या वेळी कोणीही तिसऱ्या बॅचचा 18 वा दिवस खरा सांगणार नाही. या प्रोजेक्ट लीडने तो पहिल्याच स्लाइडवर दाखवला होता, आणि अप्रेझलमध्ये त्याचे चांगले मार्क मिळायला हवेत.

लॅबमधून दोन आठवड्यांत एक नवीन कल्पना आली: बाटली नकोच, एका पाकिटात नारळाच्या दुधाची पावडर, दुसऱ्यात घट्ट आगळ, ग्राहकाने थंड पाण्यात कालवायचं. थर जमायचा प्रश्न नाही, कोल्ड चेन नाही. फार हुशार वाटतं, पण ते सोलकढीच्या जुन्या फाइलला जोडून मागच्या दाराने आणायचं नाही, पहिल्या गेटला पहिल्या कागदासकट यायचं, आणि तिथे त्याचा स्वतःचा मारक प्रश्न असेल. स्प्रे ड्राय केलेल्या नारळ पावडरीत बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं, ते गाई-म्हशीच्या दुधातलं प्रोटीन, म्हणजे लेबलवर मिल्क अॅलर्जन लिहावं लागेल आणि नारळाचं म्हणून घेणारा व्हीगन ग्राहक गेला. केसिनेट नसलेली पावडर थंड पाण्यात गुठळी न होता विरघळते का? गाळणी तीच, 30 सेकंद ढवळायचं, आणि किती गुठळी चालेल ते पावडरचं पाकीट फोडायच्या आधी लिहून ठेवायचं.